तीन बोटांचं नाटक

पहिल्या प्रयोगाला टाळ्या भरपूर पडल्या. कॉलेजच्या फाटकासमोर, सव्वाअकराच्या सुट्टीत, हलगीचा आवाज ऐकून दोनेकशे मुलं गोळा झाली होती. रिंगणात डोळे वटारून हसणारा टपरीवाला होता, त्याच्या नादी लागलेला सरळमार्गी मुलगा होता, त्याची आई होती आणि शेवटी यमराज होता. व्यसनावरच्या पथनाट्यात यमराज येतोच. त्याने मुलाला ओढत नेलं, आईने हंबरडा फोडला, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली.

दहा मिनिटांनी मी हलगी पिशवीत घालत होतो, तेव्हा शपथ घेणाऱ्यांतलेच चौघे समोरच्या टपरीवर उभे होते. टपरीवाल्याने सगळा प्रयोग उभ्याने पाहिला होता. मी जवळ गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, नाटक चांगलं होतं. पण तो माणूस माझ्यासारखा नव्हता. मी कुणाला हाक मारत नाही, पोरंच येतात. काहींना तर मागायलाही लागत नाही. त्यांचं तोंडच नीट उघडत नाही. बोट दाखवतात, मी देतो."

हे तो सहज बोलून गेला, पण आमची जुनी संहिता त्या वाक्याने मोडली. पुढचे दोन महिने आम्ही जे नाटक नव्याने लिहिलं, त्याची ही हकिकत आहे. कॉलेजबाहेरच्या गुटख्यावर पथनाट्य बसवणारे गट दर वर्षी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं असतात, युवक महोत्सव असतात, ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन असतो. बहुतेकांच्या संहिता आमच्या पहिल्या संहितेसारख्याच असतात आणि त्या एकाच जागी फसतात. प्रेक्षकाला त्यात दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट दिसते.

जुनी संहिता वाचायला घेतली तेव्हा पहिली चूक कायद्याची निघाली. आमचा नायक ठणकावून सांगत होता, "कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत गुटखा विकायला बंदी आहे!" ऐकायला बरं वाटतं, पण याचा अर्थ एकशे एकाव्या यार्डावर तो विकता येतो असा होतो. मुलांच्या डोक्यात दोन कायदे एक झाले होते. शंभर यार्डांचा, म्हणजे सुमारे ९१ मीटरचा, नियम २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातला आहे. तो सिगारेट, बिडी, तंबाखू अशा एरवी कायदेशीर असलेल्या मालाला लागतो. अंतर शिक्षणसंस्थेच्या बाहेरच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून सरळ रेषेत धरायचं असतं, रस्त्याच्या वळणाने नव्हे. मोडणाऱ्याला दंड जास्तीत जास्त २०० रुपये.

गुटख्याचं तसं नाही. अन्नात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असा नियम २०११ साली अन्न सुरक्षा कायद्याखाली आला आणि त्याच कायद्याच्या आधारे महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला या दोन्हींवर बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. असा आदेश एका वेळी वर्षभरापुरताच काढता येतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. तेव्हा महाराष्ट्रात गुटख्याला अंतर नाहीच. फाटकापाशी काय आणि गावाबाहेर काय, तो कुठेच विकता येत नाही.

तिसरी गोष्ट तर आमच्या डोळ्यांसमोर असून सुटली होती. ज्या आवारात पदवीचे वर्ग आहेत, तिथेच अकरावी-बारावीची मुलंही येतात. ती अठराच्या आतली. अशा मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोनशे रुपये आणि सात वर्षं. एवढं अंतर एकाच पुडीच्या विक्रीत आहे, आणि ते घेणाऱ्याच्या वयावर ठरतं.

हे सगळं भाषणासारखं सांगितलं असतं तर मुलं उठून गेली असती. म्हणून आम्ही दोरीचा प्रवेश केला. दोन मुलं दोरी धरून रिंगणाच्या कडेने धावतात, कोरस मोठ्याने आकडे मोजतो, नव्वद, एक्क्याण्णव, आणि टपरीवाला मामा आपली टपरी, म्हणजे डोक्यावर धरलेला खोका, बरोबर एक पाऊल पलीकडे नेऊन ठेवतो. लोक हसतात. हवालदार पावती फाडायचा थांबतो. तेवढ्यात साक्षी नावाची मुलगी पुढे येते :

साक्षी : हवालदारसाहेब, दोरी कशाला मोजताय?
हवालदार : शंभर यार्ड, ताई. कायदा आहे.
साक्षी : तो सिगारेटचा. त्यांच्या मागच्या स्कूटरच्या डिकीत काय आहे, त्याला कुठली दोरी लावणार?

डिकीची जागा आम्ही मनाने घातली नाही. पुडी टपरीवर टांगलेली दिसत नाही, हे कॉलेजच्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. पुढे बडीशेप, चॉकलेट, शेंगदाण्याचे पुडे असतात. माळ असते शेजारच्या दुचाकीत, नाहीतर पाण्याच्या कॅनमागे. प्रयोगात या वाक्याला जो हशा येतो तो ओळखीचा असतो आणि तिथून प्रेक्षक आमच्या बाजूला येतो.

आता शेवट. यमराज काढायचा हे ठरलं होतं, पण त्याच्या जागी काय आणायचं? पहिल्या दिवशी तीन कल्पना आल्या. टपरीवाल्याच्याच मुलाला कर्करोग होतो. टपरीवाला वेषांतर केलेला पोलीस निघतो. मेलेला मुलगाच सूत्रधार असतो. तिन्हींत धक्का आहे, पण तो गोष्टीतल्या माणसांना बसतो. पाहणारा वीस वर्षांचा मुलगा हळहळून बाजूला होतो, कारण कर्करोग त्याच्या हिशोबात पन्नाशीला होणारा आजार आहे.

तेव्हा टपरीवाल्याचं ते वाक्य पुन्हा समोर आलं : त्यांचं तोंडच नीट उघडत नाही. हे पन्नाशीत होत नाही, कॉलेजच्या वयातच सुरू होतं. या आजाराला डॉक्टर ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतलं अरेकोलिन आणि इतर घटक गालाच्या आतल्या पेशींना डिवचत राहतात. त्यामुळे मऊ अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात आणि ते मोडण्याची शरीराची नेहमीची प्रक्रिया मंदावते. सुरुवातीला तिखट किंवा गरम लागलं की तोंडाची आग होते. मग गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठर होतं आणि बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. मग जबडा उघडणं कमी कमी होत जातं. फुगा फुगवता येत नाही, शीळ वाजत नाही. एकदा साचलेले तंतू पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. खाणं थांबवलं तर पुढची वाढ रोखायला मदत होते, तोंडाचे व्यायाम, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया यांनी काही प्रमाणात उघडझाप वाढवता येते. आणि यातल्या काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो.

यातली सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की यासाठी तंबाखू लागत नाही. नुसती सुपारी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीलाच, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. "मी गुटखा नाही खात, फक्त मसाला खातो, त्यात तंबाखू नसते," हे वाक्य आमच्या गटातल्या मुलांनीही वर्गात अनेकदा ऐकलेलं होतं. नाटकाचा शेवट या वाक्यात होता.

शिवाय या आजाराची प्राथमिक तपासणी रंगमंचावर करता येते, हे आमच्या कामाचं होतं. आपल्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकमेकांना चिकटवून उभी धरायची आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या मधे घालायची. निरोगी तोंडात ती सहसा सहज बसतात. त्याला ना यंत्र लागतं ना माईक, आणि रिंगणाच्या शेवटच्या रांगेतूनही ते दिसतं. फुफ्फुसं किंवा हृदय असं दाखवता आलं नसतं.

मग कथा आपोआप जुळली. प्रतीक हा कॉलेजातला पुढारी मुलगा. गुटखाविरोधी मोर्चा तोच काढतो, टपरीसमोर तोच उभा राहतो, हवालदाराला तोच बोलावतो. आणि शेवटी तीन बोटं त्याच्याच तोंडात जात नाहीत. त्याला आम्ही ढोंगी केलं नाही. ढोंगी माणसाचं पितळ उघडं पडलं की प्रेक्षक खूश होतो आणि स्वतः मोकळा सुटतो. प्रतीक मनापासून गुटख्याच्या विरोधात आहे. त्याला फक्त हे माहीत नाही की त्याच्या खिशातला तंबाखू नसलेला मसाला त्याचा जबडा आवळतो आहे.

कलाटणी शेवटी येते, पण ती लिहिताना आधीच्या पानांवर पेरावी लागते. सत्य कळल्यावर प्रेक्षकाला "अरे, हे तर आपल्या डोळ्यांसमोर होतं" असं वाटलं पाहिजे, नाहीतर ती फसवणूक होते. आम्ही चार खुणा पेरल्या. पहिल्याच प्रवेशात सगळे मिरची भजी खातात, प्रतीक म्हणतो, "आज उपवास आहे." चहा येतो, तो हातात धरून बोलत राहतो आणि गार झाल्यावर पितो. मोर्चा सुरू करायला शीळ हवी असते, तो साक्षीला म्हणतो, "तू वाजव." चौथी खूण सर्वांत मोठी आणि सर्वांत लपलेली. प्रतीक घोषणेचे पहिले दोनच शब्द बोलतो, पुढचं सगळं कोरस म्हणतो. पथनाट्यात कोरस घोषणा उचलतोच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पथनाट्याच्या सवयीच्या रीतीतच आम्ही गुपित ठेवलं, आणि या संहितेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

शेवटचा प्रवेश असा आहे. हवालदार डिकी उघडतो, माळ सापडते, मामाचा दंड धरतो. कोरस जल्लोष करतो.

मामा : येतो साहेब. चुकलंय माझं, येतो. फक्त एक मिनिट. प्रतीकभाऊ, जाता जाता एक घोषणा ऐकू द्या.
प्रतीक : गुटखा विक्री...
कोरस : बंद करा, बंद करा!
मामा : ह्यांनी नको. तुम्ही एकट्याने. मोठ्याने.
(कोरस गप्प. प्रतीक सुरू करतो, आवाज दातांत अडकतो.)
साक्षी : प्रतीक, काय झालं रे?
मामा : ताई, त्याला म्हणावं तीन बोटं घाल तोंडात.
(प्रतीक तीन बोटं नेतो. जात नाहीत. एक काढतो. दोनही अडतात.)
प्रतीक : पण मी गुटखा खात नाही! नुसता मसाला... त्यात तंबाखू नसते...
मामा : सुपारी असते ना, बाळा. दोन वर्षं मीच देतोय. तुझं तोंड रोज थोडं थोडं मिटताना मी पाहिलंय.
साक्षी : पाहिलंत? आणि तरी देत राहिलात?

मामा उत्तर देत नाही. तिथे उत्तर लिहायचा मोह आम्हाला खूप झाला. गरिबी, घरातलं आजारपण, मुलीची फी, असं सगळं लिहून पाहिलं आणि खोडलं. ज्याला कळत होतं आणि तरी ज्याने पुडी हातात ठेवली, त्याचा दोष अधिक जड आहे. कारणांची रांग लावून तो हलका करायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्याला राक्षस करायचं नव्हतं आणि त्याला सोडायचंही नव्हतं. हवालदार त्याला घेऊन जातो. रिंगणात प्रतीक एकटा उभा राहतो, तोंडापाशी दोन बोटं धरून. हलगी वाजत नाही. शपथ नाही, घोषणा नाही. सगळे नट तीन बोटं उभी धरून चारी दिशांना तोंड करून उभे राहतात, आणि नाटक संपतं.

बसवताना अडचणी आल्या त्या कामाच्या आहेत, म्हणून सांगतो. रिंगणात प्रेक्षक चारही बाजूंना असतो, म्हणजे नटाची पाठ नेहमीच निम्म्या लोकांकडे असते. पहिल्या तालमीत प्रतीकने बोटांची खूण एकाच दिशेला केली आणि मागच्यांना काही कळलंच नाही. आता तो एक बोट काढताना पाव वळसा घेतो, दुसरं अडताना आणखी पाव. अशा चार हालचालींत पूर्ण गिरकी होते आणि प्रत्येकाला ते समोरून दिसतं. दुसरी अडचण आवाजाची. जबडा अर्धवट मिटून उघड्यावर बोलायचं तर शब्द पोचत नाहीत. म्हणून प्रतीकची वाक्यं सहा-सात शब्दांपुढे जाऊ दिली नाहीत, आणि महत्त्वाची माहिती साक्षी किंवा मामाच्या तोंडी दिली.

लांबीचंही तसंच. जन नाट्य मंचाने १९७८ साली सफदर हाश्मींसह केलेलं 'मशीन' हे पथनाट्य पंधरा मिनिटांच्या आत संपत असे, आणि आजही कॉलेजच्या सुट्टीत त्याहून जास्त वेळ मिळत नाही. पहिली तीन मिनिटं लोक जमण्यात जातात, तिथे एकही खूण ठेवायची नाही. भजीचा प्रवेश चौथ्या मिनिटाला येतो, कलाटणी बाराव्याला. घंटेच्या आधी दोन मिनिटं शांतता उरली पाहिजे, कारण या नाटकाचं खरं काम त्या दोन मिनिटांत होतं.

खऱ्या पुड्या आम्ही वापरत नाही. ओळखीचं वेष्टन रिंगणात चमकलं की ती जाहिरातच होते. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाची माळ पुरते. आणि एक बंधन सगळ्यांनी पाळायचं : प्रेक्षकातल्या कुणालाही पुढे ओढून तीन बोटं घालायला सांगायचं नाही. एका गावात आमच्याच एका नटाने उत्साहाच्या भरात तसं केलं. त्या मुलाची बोटं गेली नाहीत. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला, आणि तो गर्दीतून निघून गेला तो पुन्हा भेटला नाही. त्याला जे सांगायला हवं होतं ते सांगायची संधी आम्हीच घालवली.

लोकांना सांगावंच लागत नाही. शेवटच्या शांततेत रिंगणाकडे पाहिलं तर एकेक हात आपोआप तोंडाकडे जाताना दिसतो. मुली करतात, प्राध्यापक करतात, बाजूला उभा असलेला रिक्षावाला करतो. बहुतेकांची बोटं जातात आणि ते हसून शेजाऱ्याकडे बघतात. काही जण हात पटकन खिशात घालतात. आमच्यातला एक जण त्या वेळी काहीच न करता फक्त हे पाहत उभा असतो. त्याचं काम एवढंच की प्रयोग संपल्यावर त्या मुलाच्या जवळून जाताना हळूच म्हणायचं, "दंतवैद्य आलेत, मागच्या झाडाखाली बसलेत."

म्हणूनच दंतवैद्य मिळाल्याशिवाय आम्ही आता प्रयोग लावत नाही. बोटं न जाण्याची इतर कारणंही असतात. अक्कलदाढ सुजलेली असेल, जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल, काहींचा जबडा मुळातच लहान असतो. उलट बोटं गेली म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कारण आग होण्याची आणि अस्तर पांढुरकं पडण्याची सुरुवात जबडा आखडण्याच्या आधी होते. निदान डॉक्टरनेच करायचं, गाल आतून पाहून आणि बोटाने चाचपून.

ही संहिता कुणीही घ्यावी, आपल्या गावच्या बोलीत करावी. विदर्भात करणार असाल तर मसाल्याच्या जागी खर्रा घाला. मात्र खर्ऱ्यात तंबाखू असते, तेव्हा प्रतीकच्या शेवटच्या वाक्यासाठी त्याच्या खिशात साधी सुपारी ठेवा. मामाचं न दिलेलं उत्तर तेवढं लिहू नका. आणि हे वाचताना तुमचा हात तोंडाकडे गेला असेल, बोटं अडली असतील किंवा तिखटाने तोंडाची आग होत असेल, तर आजपासून सुपारी थांबवा आणि या आठवड्यात जवळच्या दंतवैद्याला किंवा जिल्हा रुग्णालयात तोंड दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे.